बीट, कात्रणे आणि भाषा: शिरूर-दौंडच्या बातमीदाराचा रेझ्युमे

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून पुण्या-मुंबईच्या न्यूजरूमकडे जाणारे अर्ज बहुतेक एकाच साच्यातले असतात. वर फोटो, त्याखाली जन्मतारीख, मग शिक्षण आणि मग अनुभवाची ओळ: "तालुका प्रतिनिधी, ३ वर्षे. राजकीय, सामाजिक, शैक्षणिक, क्रीडा, गुन्हेगारी अशा सर्व प्रकारच्या बातम्यांचे संकलन." भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी. शेवटी वरील माहिती खरी असल्याची ग्वाही. हे सगळे खरेच असते. तरीही मुलाखतीचा फोन येत नाही आणि घरी चर्चा सुरू होते की ओळख नसल्याने डावलले, किंवा हे क्षेत्रच आपल्यासारख्यांचे नाही.

तो रेझ्युमे एकदा जाहिरातीशेजारी ठेवून वाचावा, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसते. ग्रामीण वार्तांकनासाठी माणूस हवा असतो तेव्हा जाहिरातीचा मजकूर साधारण असा असतो: शेती, पर्यावरण, उद्योग किंवा स्थानिक प्रशासन यांपैकी किमान एका बीटचा अनुभव, प्रकाशित कामाचे ५ नमुने, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत वार्तांकनाची क्षमता. या तीन मागण्यांपैकी एकीचेही उत्तर वरच्या रेझ्युमेत नाही. गंमत अशी की तो अर्ज पाठवणाऱ्याकडे तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी असतात, फक्त त्या कागदावर आलेल्या नसतात.

आधी बीट. तालुक्याच्या बातमीदाराला सगळेच करावे लागते. सकाळी पंचायत समितीची बैठक, दुपारी महामार्गावरचा अपघात, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा. त्यामुळे 'सर्व प्रकारच्या बातम्या' हे त्याला आपले बळ वाटते. संपादक मात्र ती ओळ वाचून पुढे सरकतो, कारण त्याला हा माणूस कोणत्या विषयात फसवला जाणार नाही, हे कळायला हवे असते. एखादा विषय इतका अंगवळणी पडलेला असणे की अधिकाऱ्याने दिलेला आकडा जुना आहे हे जागेवर ओळखता यावे, याला न्यूजरूममध्ये बीट म्हणतात. त्या विषयाच्या दोन-चार बातम्या देऊन झाल्या म्हणजे ते जमले असे होत नाही.

या दोन तालुक्यांत तयार बीट पडून आहेत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतले कंत्राटी कामगार, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी, दौंड जंक्शनवरची रेल्वे, यवत-केडगाव पट्ट्यातली गुऱ्हाळे, ऊस आणि साखर कारखाने. मी इथे एकच बीट घेऊन पुढे जातो, कारण तिन्ही मागण्या त्याच्याच आधाराने समजावता येतात: ऊस आणि बिबट्या.

२०२५ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. लोक रस्त्यावर उतरले, वन खात्याचे वाहन पेटवले गेले आणि राज्यभरातल्या वाहिन्यांचे कॅमेरे गावात आले. काही दिवसांनी ते परत गेले. आता समजा, त्याच भागात राहणाऱ्या, एका दैनिकाला बातम्या देणाऱ्या मुलीने या काळात दहा-बारा बातम्या केल्या. त्यांतल्या बहुतेक 'अमुक वस्तीवर बिबट्याचे दर्शन, नागरिकांत भीतीचे वातावरण' अशा आहेत. या बातम्या चुकीच्या नाहीत. पण त्या कितीही साठवल्या तरी बीट दिसत नाही, कारण त्या कुणीही फोनवर करू शकला असता.

बीट दिसायचे असेल तर त्याच घटनेच्या मागे जावे लागते. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके त्या विभागाचे. भीमा ओलांडून दौंडमध्ये गेले की पुणे वन विभाग सुरू होतो. नदीकाठच्या उसातला बिबट्या ही हद्द पाळत नाही, पण पिंजरा कुणी लावायचा, पंचनामा कुणी करायचा आणि फोन कोणत्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला करायचा, हे या हद्दीवर ठरते. 'नरभक्षक बिबट्याला गोळ्या घाला' ही मागणी गावात होते तेव्हा स्थानिक अधिकारी लगेच होकार का देत नाही, याचे कारणही बातमीदाराला ठाऊक हवे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे आणि त्याला पकडायची किंवा मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाकडून यावी लागते. म्हणजे खरी बातमी अशी असते: प्रस्ताव कधी गेला, परवानगी कधी आली, मधल्या दिवसांत काय झाले.

पुढची पायरी भरपाईची. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. त्यातला काही भाग धनादेशाने लगेच मिळतो आणि उरलेला मुदत ठेवीत जातो. मंत्री धनादेश देतानाचा फोटो सगळ्यांकडे असतो. सहा महिन्यांनी त्या घरी परत जाऊन ठेवीच्या पावत्या कुणाच्या नावावर झाल्या, वारस नोंदीत काही अडले का, हे विचारणारा बातमीदार सहसा एकच असतो आणि तो त्या तालुक्यातलाच असू शकतो. तसेच विजेचे. शेतीपंपांची थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत असली की शेतकऱ्याला अंधारात उसाला पाणी द्यायला जावे लागते. म्हणून बिबट्याच्या प्रश्नात दिवसा विजेची मागणी सतत येते. आपल्या गावाच्या फीडरचे वेळापत्रक आणि हल्ल्यांच्या वेळा शेजारी मांडून पाहिल्या, तर 'दर्शन'वाल्या दहा बातम्यांपेक्षा मोठी बातमी तयार होते. तिला खर्च एकच, महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात एक चक्कर. वेळापत्रक तोंडी दिले आणि लेखी द्यायला नकार दिला, तर माहिती अधिकारात अर्ज करावा. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे.

त्या मुलीने अशा चार-पाच बातम्या केल्या असतील तर रेझ्युमेतली अनुभवाची ओळ बदलते. 'सर्व प्रकारच्या बातम्या' जाऊन तिथे येते: "मुख्य बीट: मानव-बिबट्या संघर्ष आणि ऊसपट्टा, शिरूर तालुका. वन विभागाच्या परवानग्या, भरपाईचा पाठपुरावा, शेतीपंपांच्या विजेचे वेळापत्रक यांवर वार्तांकन. याशिवाय तालुक्याचे नियमित वार्तांकन: पंचायत समिती, पोलीस, बाजार समिती." सगळे केल्याचे लपवायचे नाही. फक्त ते दुसऱ्या ओळीत जाते. एक बीट सांगितले तर बाकीच्या नोकऱ्या हातच्या जातील, ही भीती पालक हमखास बोलून दाखवतात. प्रत्यक्षात एका विषयात खोल गेलेला माणूस दुसऱ्या विषयातही जाऊ शकतो, हे संपादक अनुभवाने जाणतात आणि असे अर्ज बाजूला काढून ठेवतात.

आता प्रकाशित काम. शिरूर-दौंडच्या मुलांची सर्वांत मोठी अडचण इथे आहे आणि तिच्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. मराठी दैनिकांत तालुक्याच्या बातमीवर बातमीदाराचे नाव क्वचित येते. वर 'वृत्तसेवा' किंवा 'न्यूज नेटवर्क' असे छापून येते, खाली गावाचे नाव आणि मजकूर. कधी तीन बातमीदारांचा मजकूर एकत्र करून पुण्याच्या डेस्कवर एक बातमी बनते. तीन वर्षे रोज काम केलेल्या मुलीकडे स्वतःच्या नावाची कात्रणे पाचसुद्धा निघत नाहीत. मग ती रेझ्युमेत 'शेकडो बातम्या प्रकाशित' असे लिहिते, आणि ते वाचून समोरच्याला काहीच कळत नाही.

बिनानावाची बातमी नमुना म्हणून नक्की देता येते, पण ती बिनानावाची आहे हे स्वतःहून सांगावे लागते. नमुन्याखाली एक ओळ लिहावी: "नावाशिवाय प्रकाशित; मूळ मजकूर मी अमुक तारखेला ईमेलने पाठवला; मूळ प्रत सोबत जोडली आहे." मूळ प्रत आणि छापील बातमी शेजारी ठेवली की वाचणाऱ्याला दोन गोष्टी एकदम दिसतात: बातमी तुमचीच होती, आणि डेस्कने त्यात किती हात घातला. दुसरी गोष्ट कमीपणाची वाटते म्हणून मुले मूळ प्रत जोडत नाहीत. अनुभवी संपादकाला मात्र तुमची कॉपी कशी येते हेच बघायचे असते, कारण उद्या ती त्याच्या टेबलावर येणार असते. म्हणून एक सवय आजपासून लावावी. बातमी व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी तिची एक प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी. फोन बदलला की व्हॉट्सअॅपवरची तीन वर्षे पुसली जाऊ शकतात, ईमेलवरची तारीख राहते.

कात्रण ठेवण्याची पद्धतही महत्त्वाची. बातमीचा तेवढाच चौकोन मोबाइलवर कापून घेतलेला स्क्रीनशॉट हा पुरावा म्हणून कमजोर असतो, कारण त्यावर दैनिकाचे नाव, तारीख, आवृत्ती यांतले काहीच नसते. संपूर्ण पान ठेवावे, दैनिकाचे नाव आणि पान क्रमांक दिसेल असे. ई-पेपरची लिंक देऊन भागत नाही. काही ई-पेपर जुने अंक काढून टाकतात, काही वर्गणीच्या भिंतीमागे नेतात, आणि अर्ज उघडणाऱ्याला रिकामे पान दिसते. वेब पोर्टलवर बातमी आली असेल तर तिची एक प्रत web.archive.org वर साठवून तो दुवा द्यावा, कारण पोर्टल बंद पडायला वेळ लागत नाही. फाइलला नाव देताना 'बातमी फायनल २' असे न ठेवता तारीख आणि विषय टाकावा, उदाहरणार्थ 2025-11-20_bibtya_veej_pan4.pdf. पाच फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून एकच दुवा द्यावा, आणि तो दुवा दुसऱ्याच्या फोनवर परवानगी न मागता उघडतो का हे तपासून बघावे. चांगले अर्ज या एका चुकीमुळे न वाचताच राहिलेले मी पाहिले आहेत.

पाच नमुन्यांची निवड करताना पाचही एकाच जातीचे नकोत. वरच्या उदाहरणातली मुलगी घटनेची एक ताजी बातमी देईल, जी तिने रात्री त्याच ठिकाणाहून पाठवली. भरपाईच्या पाठपुराव्याची एक देईल. विजेच्या वेळापत्रकाची, कागदपत्रांवर उभी असलेली एक. ऊसतोड मजुरांच्या कोपीवरून केलेला एक मोठा वृत्तांत. आणि पाचवी बातमी आपल्या बीटबाहेरची, म्हणजे ग्रामपंचायत किंवा पोलीस, जेणेकरून रोजचे काम जमते हे दिसेल. प्रत्येकाखाली दोन ओळींची टीप: बातमी कशी मिळाली, कोणता कागद पाहिला, पुढे काय झाले. ही टीप मी सर्वांत आधी वाचतो. तिच्यात 'वन विभागाकडून मिळालेल्या प्रेस नोटवरून' असे प्रामाणिकपणे लिहिले असेल तरी चालते. न लिहिता तसा मजकूर आपला म्हणून दिला असेल, तर तीच प्रेस नोट दुसऱ्या दैनिकात शब्दशः सापडायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

जाहिरातींचे काम हा नाजूक भाग. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन थोडे आणि जाहिरातींवर कमिशन, ही व्यवस्था सगळ्यांना माहीत आहे. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभेच्छा, हे त्यालाच गोळा करावे लागते. त्याची लाज बाळगायचे कारण नाही. पण रेझ्युमेत ते 'अनुभव' या मथळ्याखाली बातम्यांमध्ये मिसळू नये. वेगळी ओळ करून 'जाहिरात विभागासाठी काम' असे लिहावे. आणि ज्या संस्थेची जाहिरात आणली तिच्याविषयीची कौतुकाची बातमी नमुन्यांत अजिबात देऊ नये. संपादकाला ती लगेच ओळखू येते आणि मग उरलेल्या चार नमुन्यांकडेही तो संशयाने बघतो.

तिसरी मागणी भाषांची. रेझ्युमेत 'मराठी, हिंदी, इंग्रजी: वाचणे, लिहिणे, बोलणे' असा तक्ता असतो आणि सगळीकडे बरोबरच्या खुणा. शाळेच्या अर्जात तो ठीक आहे. न्यूजरूमला मात्र तीन वेगळे प्रश्न विचारायचे असतात: तुम्ही कोणत्या भाषेत माणसाला बोलते करता, कोणत्या भाषेतला कागद वाचता, आणि कोणत्या भाषेत बातमी लिहून देता. या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाची वेगवेगळी असतात आणि त्यात काही वावगे नाही.

शिरूर-दौंडमध्ये हे रोज घडते. हंगामात उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात. त्यांतली कित्येक कुटुंबे बीडकडून आलेली असतात आणि त्यांत बंजारा समाजाची असली तर घरात गोरबोली चालते. बिबट्याचा सर्वाधिक धोका याच कोप्यांतल्या मुलांना, कारण दार नाही आणि आई-बाप पहाटेच फडात. तिथे बाईशी बोलायचे तर पुण्याची छापील मराठी कामाची नाही. दौंडच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेले कामगार भट्टीवर असतात, त्यांच्याशी हिंदीत. रांजणगावच्या कंपनीचे निवेदन इंग्रजीत येते. वन विभागाचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कितीतरी कागद इंग्रजीत असतो. आणि बातमी शेवटी मराठीत लिहून द्यायची असते. हे जिने केले तिने बहुभाषिक वार्तांकन केलेले आहे. तिला ते माहीत नसते इतकेच. मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघाले तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांनी त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला होता. म्हणजे दोन भाषांत काम करणे ही आजची शहरी मागणी आहे, असे समजायचे कारण नाही.

म्हणून तक्ता काढून तिथे वाक्ये लिहावीत. "मराठी: मुलाखत, कागदपत्रे, लेखन. हिंदी: मुलाखत, गुऱ्हाळ कामगारांवरील वृत्तांतासाठी सर्व संवाद हिंदीत. इंग्रजी: शासकीय कागदपत्रे आणि कंपनीची निवेदने वाचून मराठीत बातमी, इंग्रजीत ३०० शब्दांपर्यंतची साधी बातमी लिहिते, संपादनाची गरज लागते." शेवटचे तीन शब्द पालकांना खटकतात. मुलीने स्वतःच कमीपणा का सांगायचा, असे त्यांना वाटते. पण मुलाखतीच्या वेळी बहुधा एक चाचणी असते: इंग्रजी निवेदन समोर ठेवतात आणि अर्ध्या-पाऊण तासात मराठी बातमी मागतात, किंवा उलट. जिने इंग्रजीसमोर 'उत्तम' लिहिले आणि कागदावर अडखळली तिचा बाकीचा रेझ्युमेही खोटा ठरतो. जिने खरे लिहिले तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली जाते.

या चाचणीत मुले कुठे पडतात तेही सांगतो. इंग्रजी वाक्याची रचना जशीच्या तशी उचलतात, 'तथापि' आणि 'सदर'ची रांग लागते आणि बातमीचा मुद्दा चौथ्या वाक्यात जातो. सराव सोपा आहे. एखाद्या सरकारी खात्याचे इंग्रजी निवेदन घ्यायचे, एकदा वाचून उलटे ठेवायचे, आणि घरातल्या माणसाला तोंडी सांगायचे. जे तोंडून निघाले ते लिहून काढायचे. मग आकडे आणि नावे मूळ कागदाशी जुळवायची. रोज एक, असे काही आठवडे केले की हात बसतो. त्याच वेळी टायपिंगचेही बघावे. तालुक्यात अजून जुन्या फॉन्टवर काम करणारे पुष्कळ आहेत, आणि तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चौकोन दिसतात. न्यूजरूमला युनिकोड लागते. इन्स्क्रिप्ट कळपाट शिकून घेतला तर वेग येतो, आणि रेझ्युमेत 'युनिकोड मराठी टायपिंग' ही ओळ कामाला येते.

आता पालकांचा थेट प्रश्न: अजून एकही बातमी छापून आलेली नाही, मुलगा बारावीला किंवा पदवीला आहे, त्याने काय करावे? त्याने एक बीट निवडावे, आपल्या घरापासून सायकलवर जाता येईल इतके जवळचे. सहा महिने त्याचे कागद आणि माणसे जमवावीत, ग्रामसभेला बसावे आणि एक दीर्घ बातमी पूर्ण करून जिल्ह्याच्या आवृत्तीला किंवा एखाद्या वेब नियतकालिकाला पाठवावी. ग्रामीण जीवनावर काम करणारे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे संकेतस्थळ पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केले. तिथले वृत्तांत मराठीसह अनेक भारतीय भाषांत येतात. एकच वृत्तांत मराठीत आणि इंग्रजीत शेजारी ठेवून वाचला तर वार्तांकन आणि भाषांतर दोन्हींचा धडा मिळतो. पदवीचा अभ्यासक्रम जरूर करावा, पण पाच नमुन्यांची जागा पदवी भरून काढत नाही.

पैशाबाबत लपवालपवी नको. तालुक्याच्या मानधनावर घर चालत नाही, आणि शहरातल्या पहिल्या नोकरीचा पगार पुण्यातल्या खोलीभाड्याकडे बघता तोकडाच वाटतो. दोन-तीन वर्षे घरून आधार द्यावा लागेल असे धरून चालावे, आणि तो देणे शक्य नसेल तर मुलाने दुसऱ्या कामासोबत स्तंभागणिक बातम्या देत राहणे यात काही गैर नाही. फक्त एका ठिकाणी पैसे अजिबात देऊ नयेत. 'प्रेस कार्ड देतो, तालुका प्रतिनिधी करतो, अमुक हजार अनामत भरा' असे सांगणारे फिरतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही. असे कुणी आले तर त्या नियतकालिकाचे नाव विचारावे आणि prgi.gov.in वर ते नोंदलेले आहे का बघावे. प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरियॉडिकल्स कायदा २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि पूर्वीचे आरएनआयचे काम आता प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे आहे. नोंद सापडली तरी पैसे देऊन घेतलेले कार्ड रेझ्युमेत अनुभव म्हणून लिहू नये.

अर्ज पाठवण्याआधी शेवटचे काम संदर्भाच्या माणसांचे. ज्या उपसंपादकाला तीन वर्षे बातम्या दिल्या त्याला आधी फोन करावा, कुठे अर्ज करतो आहोत ते सांगावे आणि नाव देण्याची परवानगी घ्यावी. बिनानावाच्या बातम्या कुणाच्या होत्या हे सांगू शकणारा तोच एक माणूस असतो. त्याला पाचही नमुन्यांची यादी पाठवून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या न्यूजरूममधून फोन आला तर 'विजेची ती बातमी तिचीच' असे तो न अडखळता सांगेल.